वाळवीला कामे कोण वाटून देते?

नागपुरात आमच्या भिंतीवरची वाळवीची मातीची नळी फोडली की लगेच बुजते. राणी हुकूम देते का?

नाही, राणी फक्त अंडी घालते. नळी दोन बोटे फोडून पाहा: मोठ्या डोक्याचे सैनिक भगदाडाच्या काठावर जबडे रोखून उभे राहतात आणि त्यांच्या आडून आंधळे कामकरी लाळेत कालवलेली माती आणून लिंपतात. कामकऱ्याच्या पोटाखालच्या ग्रंथीतून जमिनीवर उमटणारा गंध, म्हणजे फेरोमोन, मागच्यांना वाट दाखवतो. तो पुन्हा पुन्हा उमटवला नाही, तर विरतो.

सैनिकांना स्वतः खाता येत नाही, कामकरीच त्यांना भरवतात. त्यामुळे सैनिक जास्त झाले, तर वसाहतीला झेपत नाहीत. म्हणूनच अनेक जातींत सैनिकांचे रासायनिक संकेत इतरांना नवे सैनिक होण्यापासून रोखतात, आणि मला तरी हीच खरी श्रमविभागणी वाटते.