लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकर का घुमतो?

प्रश्न: लॅपटॉपला बाहेरचे स्पीकर जोडले आहेत. चार्जर लावला की लगेच घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, काढला की बंद. चार्जर बिघडलाय की स्पीकर? आयसोलेटर घेतला तर जाईल का?

उत्तर: बहुधा दोन्हीही धडधाकट आहेत. चार्जर काढताच आवाज थांबतो, याचा अर्थ दोष एखाद्या वस्तूत नसून त्यांच्या जोडणीत आहे, आणि अशा वेळी आयसोलेटर सहसा उपयोगी पडतो.

तुमचा चार्जर आणि स्पीकर दोन्ही तीन पिनांचे आहेत असे धरू. अशा अनेक चार्जरमध्ये अर्थिंगची तार पुढे लॅपटॉपच्या ऋण टोकाला जोडलेली असते. तिकडे स्पीकरही आपल्या तारेने अर्थिंगला जोडलेला असतो, आणि या दोघांमध्ये ऑडिओ केबलची बाहेरची जाळी असते. म्हणजे भिंतीतल्या अर्थिंगपासून चार्जर, लॅपटॉप, जाळी, स्पीकर आणि पुन्हा अर्थिंग असे एक बंद कडे तयार होते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. या कड्यातून अगदी थोडा प्रवाह फिरला तरी तो ऐकू येतो, कारण 3.5 मिमीच्या साध्या जोडणीत ती जाळी संकेताच्या परतीची वाटही असते. जाळीचा रोध अर्धा ओहम आणि तिच्यातला प्रवाह 2 मिलिअँपिअर धरला, तर तिच्या दोन टोकांत 1 मिलिव्होल्टचा फरक पडतो. स्पीकरला हा फरक आणि गाणे यांतला भेद कळत नाही, त्यामुळे विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची घुमघुम तो इमानेइतबारे मोठी करून ऐकवतो. चार्जर काढला की कडे तुटते आणि आवाज थांबतो.

चार्जर दोन पिनांचा असेल तर कारण थोडे वेगळे असते. त्याच्या आत विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो व त्यातून किंचित प्रवाह गळत राहतो. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटाची मागची बाजू हळूच फिरवली की जी बारीक थरथर जाणवते, ती याचीच. हा प्रवाह ऑडिओ केबलच्या जाळीतून स्पीकरच्या अर्थिंगकडे जातो. उपाय मात्र तोच लागू पडतो.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी करून पाहा. चार्जर चालू ठेवून हेडफोन थेट लॅपटॉपला लावा. त्यातही तसाच आवाज आला तर तो लॅपटॉपच्या आतच तयार होतो आहे आणि आयसोलेटर त्याला काही करू शकणार नाही. हेडफोन स्वच्छ असेल, तर चार्जर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून पाहा. कडे लहान झाल्यामुळे आवाज कित्येकदा निम्म्याने उतरतो, क्वचित पूर्ण जातो.

आयसोलेटर म्हणजे डाव्या-उजव्या वाहिनीसाठी एकास एक प्रमाणाचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असलेली डबी. संकेत चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो. दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना कुठेच चिकटत नाहीत, त्यामुळे जाळीतला प्रवाह तिथेच अडतो. मी ही डबी पहिल्यांदा लावली तेव्हा आवाज तसूभरही कमी झाला नाही. तासभर डोके खाजवल्यावर लक्षात आले की माझ्या स्पीकरची यूएसबी केबलही लॅपटॉपलाच लावलेली होती, आणि तुटलेले कडे तिच्यातून पुन्हा जुळत होते. ती काढताच खोली शांत झाली. तेव्हा लॅपटॉप आणि स्पीकर यांच्यात दुसरी कोणतीही तार नाही ना, हे आधी पाहा. बाहेरचे यूएसबी साउंडकार्ड घेऊनही सहसा हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याचे ग्राउंड लॅपटॉपचेच असते.

लहान गाभ्याच्या स्वस्त ट्रान्सफॉर्मरला खर्जातले मोठे आवाज झेपत नाहीत. ढोलाचा ठोका फाटल्यासारखा येऊ लागला तर लॅपटॉपचा आवाज थोडा उतरवून स्पीकरचा वाढवा. आयसोलेटर नसताना मात्र नेमके उलटे करावे: लॅपटॉप 80-90 टक्क्यांवर आणि स्पीकरची कळ खाली, म्हणजे गाण्याच्या तुलनेत घुमघुम दबते. ब्लूटूथने जोडता येत असेल तर तारच उरत नाही. फक्त चित्रफितीत आवाज ओठांच्या किंचित मागे पडू शकतो.

एक गोष्ट मात्र कदापि करू नका. अर्थिंगची पिन काढून किंवा तिच्यावर चिकटपट्टी लावून आवाज खरोखरच थांबतो आणि हा सल्ला सर्रास दिलाही जातो. पण पुढे स्पीकरच्या आत विजेची तार धातूच्या आवरणाला टेकली तर त्या आवरणात पूर्ण दाब उतरतो, आणि त्याला जमिनीकडे जायला तुमची ऑडिओ केबल, लॅपटॉप किंवा तुमचा हात एवढ्याच वाटा उरतात.