इंजिन उघडण्याआधी फिल्टर ताब्यात घ्या

प्रश्न : ओळखीच्या गॅरेजमध्ये कारचं ऑइल आणि फिल्टर बदलला. बिल ४,२०० रुपये. तेव्हापासून ऑइलचा लाल दिवा जाईना. मेकॅनिकने व्हॉट्सॲपवर कळवलं, ‘सेन्सरची वायर सैल असेल, बिनधास्त चालवा.’ दोन दिवसांत इंजिनातून ठकठक येऊ लागली. आता तो म्हणतो, ‘गाडी जुनी आहे, आणून टाका, खोलून बघतो.’ नोटीस पाठवू का?

उत्तर : नोटीस जरूर पाठवा, पण गाडी त्याच्याकडे नेऊ नका आणि सुरूही करू नका. तुमचा सगळा पुरावा त्या इंजिनात आहे. त्याने एकदा ऑइल काढून फिल्टर बदलला, की सिद्ध करायला काही उरत नाही.

गाडी टो करून दुसऱ्या वर्कशॉपमध्ये न्या. तपासणीची तारीख आणि वेळ पहिल्या गॅरेजला लेखी कळवा, म्हणजे ‘आमच्या मागे उघडलं’ असं म्हणता येणार नाही. आधी डिपस्टिकचा फोटो काढा. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर असेल आणि ऑइलला फेस असेल, तर ऑइल जास्त भरलंय; क्रँकशाफ्ट ते घुसळतो आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. मग बसवलेल्या फिल्टरवरचा नंबर कंपनीच्या पार्ट लिस्टशी ताडून पाहा. आटे जुळले म्हणून फिल्टर योग्य ठरत नाही. सीलचं माप किंवा आतला व्हॉल्व्ह वेगळा असू शकतो. काढलेलं ऑइल मोजून घ्या, फिल्टर सीलबंद ठेवा.

वायरचा बचावही तिथेच तपासून घ्या. बऱ्याच गाड्यांत एकच वायर असलेला स्विच असतो. त्याची वायर निसटली तर दिवा लागतच नाही, बॉडीला टेकली तरच लागतो. तुमच्या गाडीत तसाच स्विच असेल, तर ‘सैल वायर’ हे कारण तिथेच कोसळतं. तज्ज्ञाच्या अहवालात ही नोंद हवीच, कारण चूक आणि नुकसान यांचा संबंध दाखवण्याचं ओझं तुमच्यावर आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतल्या निष्काळजीपणाला ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात. नोटिशीत दुरुस्तीचा खर्च मागून पंधरा दिवसांची मुदत द्या. दाद मिळाली नाही, तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. आयोगाचं अधिकारक्षेत्र आणि फी तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते. इथे ती ४,२०० रुपये असल्यामुळे फी लागणार नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. लाल दिवा असताना गाडी का चालवली, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच, आणि त्यामुळे भरपाई कमी होऊ शकते. त्याला तुमचं उत्तर म्हणजे तो मेसेज. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, आणि प्रिंटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा.