f(x) = e^(−x²) च्या f'' चा साइन चार्ट कसा काढायचा? मला 0 लाच इन्फ्लेक्शन पॉइंट येतोय.

0 ला शिखर आहे; इन्फ्लेक्शन पॉइंट x = ±1/√2 ला, म्हणजे साधारण ±0.707 ला येतात. तुम्ही बहुधा f' = −2x·e^(−x²) शून्य धरलंत. त्यावर पुन्हा प्रॉडक्ट रूल लावला की f'' = (4x² − 2)·e^(−x²). घातांकी भाग कायम धन असतो, त्यामुळे चार्टमध्ये फक्त 4x² − 2 चं चिन्ह बघायचं:

- x = −1: +2, कॉन्केव्ह अप
- x = 0: −2, कॉन्केव्ह डाउन
- x = 1: +2, कॉन्केव्ह अप

दोन्ही बिंदूंवर उंची e^(−1/2) ≈ 0.607, शिखराच्या निम्म्यावर नव्हे. मात्र f'' = 0 एवढंच पुरत नाही, चिन्ह बदलायलाच हवं: x⁴ ला 0 वर f'' शून्य आहे, तरी तिथे इन्फ्लेक्शन नाही.