हृदयरोग असताना दाढ काढण्यासाठी किती भूल चालते?

प्रश्न: आईची अँजिओप्लास्टी झाली आहे, वजन 60 किलो. खालची दाढ काढायची आहे. अ‍ॅड्रेनालिन नसलेलीच भूल घ्यावी का, आणि किती चालते?

उत्तर: तब्येत स्थिर असेल तर अ‍ॅड्रेनालिन टाळायची गरज नसते, फक्त ते मोजून द्यायचं. ते नसेल तर लिग्नोकेन, म्हणजे भुलेचं नेहमीचं औषध, लवकर उतरतं, आणि दाढ ओढताना दुखलं की शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनालिन सोडतं. ते आपल्या हातात नसतं.

लिग्नोकेनची सावध मर्यादा किलोला 4.4 मिलिग्रॅम. आईंसाठी 264 मिलिग्रॅम, म्हणजे 2 टक्क्यांचं साधारण 13 मिली. पण हृदयरोगात एका भेटीत अ‍ॅड्रेनालिन 40 मायक्रोग्रॅमच्या आत ठेवतात. 1:80,000 च्या औषधात मिलीमागे 12.5 मायक्रोग्रॅम असतं, त्यामुळे हात 3.2 मिलीलाच थांबतो. खालच्या दाढेला नस बधिर करणारा ब्लॉक आणि गालाकडची टोचणी मिळून सव्वादोन मिली पुरतं, म्हणजे जेमतेम 28 मायक्रोग्रॅम. 1:2,00,000 चं औषध घेतलं तर 8 मिलीपर्यंत वाव मिळतो.

सुई टोचल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहायलाच हवं. औषध थेट शिरेत गेलं तर थोडंही छातीत धडधड आणतं. द्यायचंही सावकाश, मिलीला मिनिटभर.

आई प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची गोळी घेत असतील तर आधीच सांगा. त्यासोबत अ‍ॅड्रेनालिनने रक्तदाब एकदम चढू शकतो, तिथे अ‍ॅड्रेनालिन नसलेली मेपिव्हाकेनची भूल बरी. नुकताच हार्ट अटॅक आला असेल किंवा बसल्याजागी छातीत दुखत असेल तर दाढ थांबवा, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.