चुकांची वही भरत चालली, पण इंग्रजी लेखनातल्या चुका तशाच राहतात. उजळणी कशी करावी?

“मी घरीच इंग्रजी लेखनाचा सराव करतो. एक वही चुकांची, एक चांगल्या वाक्यांची. दोन्ही अधूनमधून वाचतो, तरी लिहायला बसलं की त्याच चुका होतात. काय बदलू?”

आधी दोन वह्यांची एक करा. चूक एका वहीत आणि ती सुधारणारं वाक्य दुसरीत असलं, की दोघांची गाठच पडत नाही. दुसरं म्हणजे, वही वाचणं थांबवा. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि “हे येतं मला” म्हणत आपण पान उलटतो. लिहिताना मात्र समोर कोरा कागद असतो, वाक्य आतून काढावं लागतं. तेव्हा उजळणीतही वाक्य आतूनच काढायचं.

मी पान मधोमध उभं दुमडते. डाव्या बाजूला मला जे म्हणायचं होतं ते मराठीत, उजव्या बाजूला बरोबर इंग्रजी वाक्य आणि त्याखाली एका ओळीत चूक का झाली ते कारण. चुकीचं वाक्य पानामागे लिहिते, म्हणजे ते रोज डोळ्यांपुढे येऊन गिरवलं जात नाही.

सगळ्यात जपून लिहायची ती कारणाची ओळ. मी एकदा लिहिलं होतं, “आय ॲम टीचिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.” वहीत नोंद केली, “सिन्स नको, फॉर हवं.” दोन आठवड्यांनी लिहिलं, “आय ॲम लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स.” सिन्स गेलं, पण वाक्य चुकलेलंच. मूळ वाक्यात चुका दोन होत्या आणि मी एकच टिपली होती. मग मराठी वाक्य शेजारी ठेवून पाहिलं, “मी पाच वर्षांपासून इथे शिकवतेय.” आपलं “पासून” दोन्हीकडे चालतं, सुरुवात सांगायलाही आणि किती काळ ते सांगायलाही. शिवाय क्रियापद वर्तमानकाळातच राहतं. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला सिन्स, कालावधीला फॉर, आणि काम तेव्हापासून आजवर चालू असेल तर क्रियापद “हॅव बीन टीचिंग”. नोंद अशी झाली: “पासून आलं की दोन गोष्टी तपास, शब्द आणि क्रियापद.”

त्याखाली तीन वाक्यं लिहिली. “आय हॅव बीन टीचिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.” “आय हॅव बीन टीचिंग हिअर सिन्स जून.” आणि मुद्दाम तिसरं, “आय टॉट देअर फॉर फाइव्ह इयर्स”, म्हणजे आता तिथे शिकवत नाही. हे तिसरं फार उपयोगी पडतं. ते नसलं तर फॉर दिसलं की “हॅव बीन” चिकटवायची नवीच सवय लागते.

उदाहरणाची वाक्यं मनाने रचू नका, त्यातही चूक शिरते. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात क्रियापदाखाली वाक्यं दिलेली असतात. त्यातलं एक जसंच्या तसं उतरवा, मग माणूस, वेळ, जागा तेवढी आपली घाला. सांगाडा हलवू नका. “डिस्कस अबाउट” ही चूक अशीच सुटते. आपण “विषयी चर्चा करतो” म्हणून अबाउट येतं. शब्दकोशातल्या वाक्यात डिस्कसनंतर थेट विषयच दिसतो.

उजळणी दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. उजवी बाजू झाकायची, मराठी वाचून सुट्या कागदावर इंग्रजी लिहायचं, मग शब्दन् शब्द ताडून पाहायचा. जमलं तर एक टिंब. चुकलं तर ती नोंद पुन्हा दोन दिवसांवर. पण तीन टिंबं झाली म्हणून नोंद खोडू नका. वहीत मराठी वाक्य इशारा देतं, खऱ्या लेखनात कोणी देत नाही. नवीन मजकुरात, विचार न करता, दोनदा बरोबर आलं की मगच खोडा.

एका लेखनातून तीनच नोंदी घ्या, त्याही पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुकांच्या. निसटलेलं एखादं स्पेलिंग वहीत नको. पुढचा मजकूर लिहून झाला की त्या तीन चुकांसाठी तो तीन वेळा वाचा, दर वेळी एकच चूक शोधत. सगळं एकदम शोधायला गेलं की डोळा अर्थाकडे वळतो.

ए, ॲन, द यांच्या चुका मात्र या पद्धतीने फारशा हटत नाहीत, निदान माझ्या हटल्या नाहीत. तिथे कारणाची ओळ सोडून मी अख्खे शब्दसमूह टिपते: “इन द मॉर्निंग”, पण “ॲट नाइट”. आणि जी चूक तुम्हाला दिसतच नाही ती वहीत येणार नाही, त्यामुळे महिन्यातून एक पान इंग्रजी चांगलं असलेल्या कोणाला तरी दाखवा. त्यांना दुरुस्त करू देऊ नका, फक्त चुकीखाली रेघ मारायला सांगा. दुरुस्ती आणि कारण तुम्ही शोधा.