अंगठीचं बोट आत वळत चाललंय, त्या काकांबद्दल

पोरी,

तू पाठवलेले काकांच्या हाताचे फोटो पाहिले, व्हिडिओपण पाहिला. फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा लिहूनच देतो, म्हणजे उपकेंद्रात पुन्हा असा हात आला तर काढून वाचता येईल. वय ६२, कास्तकार, शुगर आहे, उजव्या हाताचं अंगठीचं बोट दोनेक वर्षांपासून हळूहळू तळहाताकडे वळतंय, दुखत नाही, आणि तळहातात बाजेची ताणलेली सुतळी हाताला लागावी तशी दोरी लागते. घरचे म्हणतात शीर आखडली. आणि त्यांच्या सुनेनं तुला बाजूला घेऊन हळूच विचारलं की हे कुष्ठाचं तर नाही ना.

आधी तिच्या प्रश्नाचं पाहू, कारण आपल्या भागात तो प्रश्न उगाच येत नाही, आणि तू तो मोकळेपणानं तपासून मोकळेपणानंच सांगायला पाहिजे. कुष्ठात कोपराजवळची नस खराब झाली की करंगळी आणि अंगठीचं बोट वाकतं, पण बोटाच्या मुळाचा सांधा उलटा मागं जातो आणि मधला सांधा वाकतो. काकांचं नेमकं उलटं आहे, बोट मुळापासूनच आत वळलंय. तरी डोळे मिटायला लावून करंगळीला पेनचं टोक हलकं टेकव, कळतं का विचार. कोपराच्या आतल्या बाजूला नस जाड लागते का, दाबली की दुखते का ते बघ, अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस वाळलंय का बघ, अंगावर सुन्न चट्टा आहे का ते पण विचार. यातलं काही निघालं तर लगेच पीएचसीत पाठव, तिथे कुष्ठाची गोळी फुकट मिळते आणि नस नुकतीच गेलेली असेल तर उशीर अजिबात परवडत नाही. आणखी एक, नसेचं बोट सुरुवातीला आपण हातानं सरळ केलं तर होतं, काकांचं होत नाही, मध्येच अडतं.

आता ती दोरी. ती शीर नाही. तळहाताच्या चामडीखाली एक मजबूत पडदा असतो, तो हळूहळू जाड होतो, आधी गाठ येते, चामडीला खळगा पडतो, मग बोटाकडे दोरी तयार होते आणि ती आखडत जाते. ओळखायची सोपी रीत सांगतो, मनगट खाली वाकवून बोट सरळ करून बघ. शीर आखडली असती तर मनगट वाकवल्यावर ती सैल पडून बोट बरंचसं सरळ झालं असतं, इथे मनगट कसंही ठेवा बोट तेवढंच राहतं. पॅरिसच्या गियोम ड्युपिट्रेन नावाच्या सर्जननं १८३१ मध्ये यावर लेक्चर दिलं म्हणून डॉक्टर याला ड्युपिट्रेन कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, चिठ्ठीवर तेच लिही. हे घराण्यात चालतं, शुगरवाल्यांत जास्त दिसतं, दारू आणि बिडी-सिगरेटशी पण संबंध आहे. डवरा धरून धरून झालं असं काका म्हणतात, त्यावर वाद घालू नको, पण निव्वळ कामामुळे झालं असंही लिहू नको.

मग आता करायचं काय, हे टेबल सांगतं. काकांना हात पालथा टेबलावर ठेवायला लाव. तळहात आणि बोटं सपाट टेकली तर काही करायचं नाही, फक्त काही महिन्यांनी परत बघायचं, कारण कित्येकांची दोरी वर्षानुवर्षं तशीच राहते. काकांचा हात टेकत नाही. पोरांच्या कंपासमधला कोनमापक घे आणि दोन्ही सांधे वेगवेगळे मोज. व्हिडिओवरून मला मुळाचा सांधा ४० अंशाच्या आसपास आणि मधला १० च्या आसपास वाटतो, पण तू स्वतः मोजून लिही. मुळाचा सांधा ३० अंशाच्या वर गेला की सर्जनला दाखवायचं. मधल्या सांध्याला मात्र एवढी सूट देऊ नको, तो थोडा जरी वाकून राहायला लागला तरी दाखव, कारण तो बरेच दिवस वाकलेला राहिला की सांधाच आतून कडक होतो, मग दोरी कापली तरी पूर्ण सरळ होत नाही. मुळाचा सांधा उशिरा गेला तरी बहुतेक वेळा छान सुटतो. तुला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेव.

तेल चोळून दोरी विरघळत नाही, नुसता पट्टा बांधूनही थांबत नाही, आणि गावातल्या कोणाकडून बोट जोरात ओढून घ्यायचं तर बिलकुल नाही. अमेरिकेत २०१० मध्ये दोरी विरघळवणारं कोलाजिनेज नावाचं इंजेक्शन मंजूर झालं, पण २०२० मध्ये कंपनीनं ते अमेरिकेबाहेरच्या बाजारातून काढून घेतलं, म्हणजे नेटवर वाचून पोरगं विचारायला आलं तर सांग की त्याच्या मागं धावू नको.

राहिले दोन रस्ते. एक सुईचा, चामडीत थोडंसं भुलीचं औषध देऊन सुईच्या टोकानं दोरी जागोजागी कापतात आणि बोट सरळ करतात, कट्कन आवाज येतो. नस जागी असावी म्हणून भूल मुद्दाम कमी देतात, बोटात करंट आल्यासारखं झालं की पेशंटनं लगेच सांगायचं, हे काकांना आधीच समजावून ठेव. त्याच दिवशी घरी, हप्त्याभरात हलकी कामं. तोटा म्हणजे दोरी परत येते, नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ५ वर्षांत सुईवाल्यांपैकी शंभरातल्या ८५ जणांचं बोट परत बरंच वाकलं, ऑपरेशनवाल्यांत २१ जणांचं. ऑपरेशनमध्ये नागमोडी चिरा देऊन रोगट पडदा काढतात, पण बोटाच्या नसा कधीकधी दोरीला गुंडाळलेल्या असतात म्हणून ते हाताचं काम रोज करणाऱ्या सर्जनकडेच व्हावं, आणि जड काम धरायला दीड-दोन महिने तरी जातात.

माझं मत विचारशील तर काकांची दोरी एकच आहे, तळहातात ठळक लागते, वाकणं बहुतेक मुळाच्या सांध्यात आहे, शुगर आहे आणि घरात वावर पाहणारं दुसरं कोणी नाही, त्यामुळे पहिल्यांदा सुईच. मधला सांधा जास्त गेला असता, चामडी चिकटली असती किंवा सुईनंतर दोरी परत आली असती तर मी ऑपरेशनच म्हटलं असतं. कापूस वेचून झाला की गेले तरी चालेल, पण तोवर दर महिन्याला मोज, आणि मधला सांधा वाढला तर वेचणी सोडून पाठव.

सेवाग्राम किंवा नागपूर मेडिकलला पाठवायच्या आधी फोन करून विचार की हाताचे पेशंट कोणत्या दिवशी पाहतात आणि सुईनं करतात का, नाहीतर काकांची एसटीची फेरी वाया जाईल. चिठ्ठीवर दोन्ही सांध्यांचे अंश, तारीख, शुगरचा रिपोर्ट, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का आणि संवेदना तपासली ते लिही. परत आल्यावर पहिल्या दिवसापासून बोट उघड-मीट करायला लाव, रात्रीचा पट्टा सर्जननं सांगितला तरच. बोट सुन्न राहिलं, पांढरं पडलं, सूज-लाली वाढली किंवा पू दिसला तर वाट न पाहता परत पाठव.