परताव्याचे पत्र लिहिताना

तुमच्या धरमपेठेतील फर्निचरच्या दुकानातर्फे गूगलवरील जाहिरातींसाठी नेमलेल्या एजन्सीला पैसे परत मागणारे जे पत्र लिहाल, त्यात नाराजीच्या आधी तिच्या प्रस्तावातील ‘दरमहा किमान 40 चौकशा’ हे वाक्य पृष्ठ आणि तारखेसह उद्धृत करा. तीन महिन्यांत एकाही ग्राहकाची चौकशी आली नाही, हे त्याखालीच लिहा. एजन्सी इम्प्रेशन, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली, आणि क्लिक यांचे आकडे दाखवील, पण वचन चौकशांचे होते. तुम्ही गूगलला थेट भरलेला जाहिरातखर्च मागू नका, कारण तो एजन्सीला मिळालेलाच नाही; 60,000 रुपये सेवाशुल्कातून, तुम्ही आजही वापरत असलेल्या वेबपानाचे 15,000 वगळून, 45,000 मागा आणि त्यावरील जीएसटीसह क्रेडिट नोट मागा. पत्र पाठवण्यापूर्वी मात्र जाहिरात खात्याचा ताबा स्वतःकडे घ्याच, अन्यथा पुरावा त्यांच्याच हाती राहील. उत्तरासाठी 15 दिवसांची मुदत द्या.